मदत हवी आहे: लेप्टोचा घाबरवणारा फॉरवर्ड घरच्या ग्रुपसाठी नीट कसा लिहू?

मेघा_घाटकोपर
रविवारी संध्याकाळी आमच्यातले तिघे गुडघाभर पाण्यातून घरी आले. आज मोठ्या काकांनी ग्रुपवर हे टाकलंय:

"‼️सावधान‼️ मुंबईत लेप्टोचा कहर!! साचलेल्या पाण्यात पाय पडला की ४८ तासांत किडनी निकामी. दवाखाने लपवत आहेत. लहानमोठ्या सगळ्यांनी आज रात्रीच डॉक्सीसायक्लिनच्या दोन गोळ्या घ्या. १०० जणांना पाठवा."

आजी घाबरलीय, चुलतभाऊ गोळ्या आणायला निघालाय. वहिनी पाचव्या महिन्यात आहे, भाचा चार वर्षांचा. काकांना तोंडघशी पाडायचं नाहीये. यातलं काय ठेवू, काय काढू?

बोरिवलीचा_बंड्या
सरळ 'फेक' लिहून मोकळ्या व्हा. पायाला जखम नसेल तर लेप्टो होतच नाही.

शुभदा_सिस्टर
मी महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झाले. मेघा, 'फेक' लिहू नकोस, कारण निम्मा मेसेज खरा आहे. उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात, आणि पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यावी असं महापालिकाच दर पावसाळ्यात सांगते. उद्या हीच सूचना पेपरात आली की काका म्हणतील, बघा, मी सांगत होतो!

बंड्या, जखमेतून धोका जास्त हे बरोबर. पण बारीक खरचटलेलं दिसत नाही, टाचेच्या भेगा कोणी मोजत नाही, आणि डोळ्यांतोंडात पाणी उडालं तरी जंतू आत जाऊ शकतात.

४८ तासांचं वाक्य मात्र काढच. ताप यायलाच बहुतेकदा ५ ते १४ दिवस लागतात. किडनीवर परिणाम होतो तो आजार बळावल्यावर. 'सगळ्यांनी' हा शब्द तर सगळ्यात घातक. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला एरवी ही गोळी देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरं औषध असतं.

चारकोपकर
आमच्या ग्रुपवर भरतीचा मेसेज फिरतोय, साडेचार मीटरच्या वर लाटा म्हणून मुंबई बुडणार. त्याचं काय लिहू?

शुभदा_सिस्टर
त्याचा वेगळा धागा काढा हो. पण तो आकडा लाटेचा नाही, भरतीच्या पातळीचा. त्याच वेळी जोरदार पाऊस असेल तर पाणी तुंबतं.

मेघा_घाटकोपर
मी असं लिहिलंय: "घाबरण्यासारखं काही नाही. अफवांवर विश्वास ठेवू नका. गरज वाटल्यास डॉक्टरांना विचारा."

शुभदा_सिस्टर
यातून आजीला काय करायचं ते कळणार नाही, आणि 'अफवा' हा शब्द काकांना लागेल. कोणी, कधीपर्यंत, कुठे जायचं एवढं लिही. वर तारीख घाल. मूळ मेसेजवर तारीखच नाही, म्हणून असे मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात.

मेघा_घाटकोपर
आता बघा:

"मंगळवार, १५ जुलै. काकांनी लेप्टोचा विषय काढला ते बरं झालं. जे रविवारी पाण्यातून चालून आले, त्यांनी उद्या, बुधवारी दुपारपर्यंत जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन 'साचलेल्या पाण्यातून आलो' असं सांगावं. गोळी घ्यायची की नाही, किती, ते डॉक्टर ठरवतील. पाण्यात न गेलेल्यांनी गोळी घ्यायची गरज नाही. गरोदर असाल किंवा मूल लहान असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या खूप दुखल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, तर त्याच दिवशी दाखवा. गोळी घेतली असली तरीही. हा मेसेज आपल्या घरापुरता आहे, पुढे पाठवू नका."

शुभदा_सिस्टर
छान. किडनीचं वाक्य खोडून काढायलाही परत लिहिलं नाहीस, ते उत्तम. नाहीतर लोकांच्या डोक्यात तेवढंच राहतं.

बोरिवलीचा_बंड्या
पण गोळीचं नाव का गाळलं? केमिस्टकडे सहज मिळते. डॉक्टरकडे रांगेत बसायला वेळ कोणाला आहे? ७२ तास उलटून गेले तर?

शुभदा_सिस्टर
दवाखान्यात केसपेपर काढून गोळी मिळायला फार वेळ लागत नाही. तरी तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, नाव न लिहिल्याने एखादा आळस करेल. पण चाळीस जणांच्या ग्रुपवर नाव आलं की त्यात कोणाला कसली अ‍ॅलर्जी, कोणाची काय औषधं चालू, हे आपल्याला थोडंच माहीत असतं?

बोरिवलीचा_बंड्या
नाव तर काकांच्या मेसेजमध्ये आधीच आहे, ताई.

शुभदा_सिस्टर
तेही खरंच. म्हणून मेघा, ग्रुपवर टाकायच्या आधी वहिनीला आणि त्या चुलतभावाला फोन कर. काकांनाही मजकूर आधी दाखव, जमलं तर त्यांच्याच नावाने जाऊ दे.

मेघा_घाटकोपर
भावाला फोन लावला. स्ट्रिप घेऊन झालीय, पण घेतली नाही अजून. काका मेसेज वाचतायत.