मदत हवी आहे: चेंबर बदलल्यावर लॉटचे भाडे नव्या तारखेपासून मोजले जाते

कारकून_तासगाव:
आमच्या शीतगृहात शेतकऱ्यांचा बेदाणा १५ किलोच्या बॉक्समध्ये येतो आणि हिशेब ERPNext मध्ये ठेवतो. भाडे आवक तारखेपासून दरमहा दर बॉक्स ८ रुपये असून, महिना पुरा झाल्यावर उरलेले दिवस १५ पर्यंत असतील तर अर्धा महिना, त्यापुढे पूर्ण महिना धरतो.

१० मार्चला एका शेतकऱ्याचे ३०० बॉक्स आले. २४ मे रोजी १२० सोडले. अडीच महिन्यांचे २,४०० रुपये बरोबर आले. उरलेले १८० बॉक्स २ जूनला दुसऱ्या चेंबरमध्ये हलवले आणि १८ जुलैला सोडले, तेव्हा साडेचार महिन्यांचे ६,४८० रुपये येण्याऐवजी दोनच महिन्यांचे २,८८० आले. पावती जुनीच असताना ३,६०० रुपये कुठे गेले?

द्राक्षबागाईत:
Stock Ageing अहवाल पाहा, त्यात मालाचे वय कळते. त्यावरूनच भाडे लावावे.

लेखाजोखा:
वय कळते हे खरे, पण तो अहवाल आधी आलेला माल आधी गेला असे धरून चालतो. त्या शेतकऱ्याच्या दोन पावत्या असतील आणि व्यापारी नवी पावती घेऊन आला, तर वय चुकीच्या लॉटचे मिळेल. कारकूनसाहेब, २ जूनची नोंद कोणत्या प्रकाराने केली आणि बॅच क्रमांक तोच राहिला का, तेवढे पाहून सांगा.

मंचरकर:
आमच्याकडे बटाट्याला पोत्यामागे हंगामाचा एकच दर असतो. तुम्हीही तसेच करा, कटकट मिटेल.

कारकून_तासगाव:
बेदाणा भाव पाहून थोडाथोडा निघतो, त्यामुळे हंगामी दर आमच्या शेतकऱ्यांना मान्य होणार नाही. नोंद तपासली. ऑपरेटरने Repack निवडले होते, आणि नवी बॅच २ जूनच्या तारखेने तयार झाली आहे.

लेखाजोखा:
मग ३,६०० तिथेच गेले. चेंबर बदलताना Material Transfer वापरून जुनीच बॅच निवडावी, म्हणजे फक्त जागा बदलेल. दर पावतीला एक बॅच ठेवून आवक तारीख तिच्यावर स्वतंत्र रकान्यात लिहा. माल सोडताना पावती क्रमांकावरून बॅच हाताने निवडा आणि भाडे त्या रकान्यापासून, सोडलेल्या बॉक्सपुरतेच काढा. जुन्या नोंदी शोधण्यासाठी Repack च्या सर्व नोंदींची यादी काढा. माल शेतकऱ्याचा आहे, तुम्ही तो फोडून नव्याने भरत नसाल तर तिथे एकही नोंद असायला नको.

आणखी एक. २४ मे हा सोडण्याचा दिवस धरूनच तुमचे १५ दिवस भरतात. माल २५ तारखेला गेला असता तर पूर्ण महिना लागला असता, म्हणून दोन्ही टोकांचे दिवस मोजता की एकच, हे पावतीवर छापा.

कारकून_तासगाव:
मोजणीचा नियम छापून घेतो. पण माल आत असतानाच शेतकऱ्याने पावती व्यापाऱ्याच्या नावे केली, तर आधीच्या महिन्यांचे भाडे कोणाच्या खात्यावर टाकता?

द्राक्षबागाईत:
आमच्या भागात माल उचलणारा सगळे भरतो.

लेखाजोखा:
आमच्याकडे नाव बदलण्याच्या दिवसापर्यंतचे भाडे शेतकऱ्याकडून घेऊन मगच पावती बदलतात. मात्र त्यात महिना मधेच तुटतो आणि अर्धा महिना दोघांनाही लागतो. त्यावर आम्हालाही समाधानकारक तोड सापडलेली नाही.