'नौ नगद न तेरह उधार'ला मराठीत जोडी कोणती?

अर्धाचहा:
बायको भोपाळची आहे, घरात दोन्ही भाषा चालतात. लेकीसाठी एका वहीत पैशावरच्या म्हणींच्या जोड्या लिहितोय, डावीकडे हिंदी उजवीकडे मराठी. 'चमड़ी जाए पर दमड़ी न जाए' आपल्याकडे जशीच्या तशी आहे, 'बूँद बूँद से सागर'ला 'थेंबे थेंबे तळे साचे', इथपर्यंत मजेत चाललं होतं. 'नौ नगद न तेरह उधार'ला अडलो. मी 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' लिहिलं तर सासरे म्हणाले नहीं बेटा, बात नहीं बनी. मग काय लिहू?

पोतंभर:
उधारीचं पोतं सव्वा हात रितं. हीच लिहा, दुसरी शोधू नका. आमचं तीन पिढ्या धान्याचं दुकान होतं, लातूरकडे, त्यामुळे ही म्हण घरात रोज ऐकायला मिळायची. उधारीवर पोतं घेतलं की ते तोंडापर्यंत भरलेलं नसायचं, वरचं सव्वा हात नुसतं कापड. आजोबा माप टाकताना रोखीवाल्याला शीग लावून द्यायचे आणि उधारीवाल्याला हात मारून सपाट. आणि तो समोर उभा राहून बघायचा पण एक शब्द बोलायचा नाही, कारण पुढच्या महिन्यात परत त्याच पायरीवर यायचं असायचं. व्याज वहीत कुठंच लिहिलेलं नसायचं, ते मापात जायचं.

उलटीगंगा:
वर्णन झकास पण जोडी चुकली. तुमची म्हण गिऱ्हाइकाची आहे आणि हिंदीवाली दुकानदाराची. 'नौ नगद' म्हणणारा माल विकतोय, त्याला तेरा मिळतील का याची धाकधूक आहे. पोतंवाला माल घेतोय, त्याला वसुलीशी काय देणंघेणं? मला तर अर्धाचहा यांचंच बरोबर वाटतं, खात्रीचं थोडं घ्या आणि बेभरवशाचं जास्त सोडा, हाच दोन्हीचा अर्थ.

सदाशिवराव५५:
माझ्या मते हिंदी म्हणीचा अर्थच वेगळा आहे. 'न' आहे तिथे, म्हणजे नऊ रोखही नको आणि तेरा उधारही नको. व्यवहारच करू नये असं सुचवलंय. मराठीत 'ना घर का ना घाट का'सारखं काहीतरी.

इंदौरी_पोहे:
काका, दोन्ही नको असतं तर 'न' दोनदा आलं असतं. 'न नौ मन तेल होगा न राधा नाचेगी', तिथे बघा दोन्हीकडे 'न' आहे. इथे 'नौ नगद'नंतर दम घ्या आणि मग 'न तेरह उधार' म्हणा. नऊ रोख चालेल, तेरा उधार नको. आणि 'ना घर का ना घाट का' मराठी कधीपासून झाली 😄

उलटीगंगा, 'हातचं सोडून'मध्ये माणूस हातातलं टाकून धावतोय, म्हणजे हाव आहे. 'नौ नगद'मध्ये हाव नाहीच, चक्क हिशेब आहे. आमच्या इंदूरच्या बाजारात कुणी घासाघीस करून उधारी मागायला लागला की दुकानदार हीच म्हण तोंडावर फेकतो, विषय संपतो.

पोतंभर:
हिशेबाचं बोललात तर करूनच बघू. समजा दहा गिऱ्हाइकं. सगळ्यांनी रोख दिले तर 90. सगळ्यांना तेराच्या भावानं उधार दिलं तर वहीत 130. आता दहातले तीन बुडाले तर उरलेल्या सातांचे 91 येतात, म्हणजे रोखीपेक्षा एक रुपया वरच. चौथा बुडाला की 78, बारा रुपये खड्ड्यात. म्हणजे ही म्हण ज्यानं केली त्यानं दहातले तीन बुडवे धरूनच नऊ आणि तेरा घेतले असं मला म्हणायचं नाही, आकडे अनुप्रासासाठी असतील, पण हिशेब मात्र दुकानदाराला पटण्यासारखा बसतो. तो एक रुपया सात जणांच्या दारी चकरा मारण्यात जातो, आणि रोखीचे 90 तोवर मोंढ्यातून नवा माल घेऊन आलेले असतात, ते वेगळंच.

उलटीगंगांची बाजूची गोष्ट मात्र मान्य. हिंदी म्हण गल्ल्यामागची, मराठी म्हण गल्ल्यापुढची. पण व्यवहार एकच ना? उधारीत नऊचे तेरा होतात हे विकणारा सांगतोय, आणि ते वरचे चार कुठून वसूल होतात हे घेणारा सांगतोय.

उलटीगंगा:
मग जोडी नाही, सवाल-जवाब झाला. लेकीच्या वहीत 'सारखा अर्थ' असं शीर्षक असेल तर ही तिथे बसत नाही.

मीच_ती:
मी जरा वेगळं विचारते. मागच्या महिन्यात फ्रिज घेतला, दुकानवाला म्हणाला बिनव्याजी हप्ता, नंतर कळलं की रोख दिले असते तर 3 हजार सूट होती, ती हप्तेवाल्याला नाही. वर प्रोसेसिंग फी. म्हणजे फसवलं ना मला? कोणाकडे तक्रार करायची?

पोतंभर:
ताई, तुमचं पोतं सव्वा हात रितं निघालं. तक्रारीचं मला माहीत नाही पण म्हण याच्यासाठीच आहे, फ्रिजवर 'बिनव्याजी' लिहिलेलं आणि व्याज सूट कापून घेतलेलं.

अर्धाचहा:
मीच_ती यांच्या फ्रिजमुळे मला पोतं पटलं 😀 दोन्ही लिहितो, मध्ये उभी रेघ मारून. आता दुसरी अडलेली. 'दमड़ी की हाँडी गई, कुत्ते की जात पहचानी गई.' मी 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो' लावलीय. नुकसान किरकोळ, मुद्दा पुढचा, असं दोन्हीकडे आहे ना?

इंदौरी_पोहे:
निम्मं आहे. पण हिंदीवाला हंडी गेल्यावर हुश्श म्हणतो, चला, स्वस्तात कळलं. मराठीवाला कपाळाला हात लावतो, आता हा रोज येणार. माझ्या एका मित्रानं 500 रुपये घेतले आणि नंतर माझा नंबरच ब्लॉक केला. मला वाईट वाटलं नाही, कारण त्याच्याबरोबर 2 लाख घालून धंदा सुरू करायचा विषय चालू होता. तिथे 'काळ सोकावतो' म्हणून चालेल? कुत्रं तर निघून गेलं.

सदाशिवराव५५:
मग 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' घ्या.

इंदौरी_पोहे:
काका ती सुरेख आहे पण ती 'अशर्फियाँ लुटें, कोयलों पर मुहर'ची बहीण. मोहरा लुटल्या जातायत आणि कोळशाच्या गोणीला सील. त्या दोन एकमेकींसमोर लिहा, खाडाखोड करावी लागणार नाही.

उलटीगंगा:
ही जोडी मलाही मान्य, नोंद घ्यावी 😀 आणि वहीत 'नौ की लकड़ी नब्बे खर्च'समोर 'चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला' लिहिणार असाल तर मुलीला हेही सांगा की चार आणि बारा मिळून बरोबर सोळा आणे होतात, म्हणजे पूर्ण रुपया. हिंदीवाल्याचा खर्च लाकडाच्या दहापट, आपला कोंबडीच्या तिप्पटच, आणि आपण रुपया मोडून थांबतो.

पोतंभर:
तिला आधी आणा म्हणजे काय ते सांगावं लागेल. आणे 1957 साली गेले, आणि चार आणे म्हणून जे चालत होतं ते 25 पैशांचं नाणंही 2011 पासून चालत नाही.

अर्धाचहा:
विचारलं आत्ताच. ती म्हणाली आणा म्हणजे 'घेऊन या'. हंडीवाली जागा रिकामीच ठेवतोय, सासरे रविवारी येणारेत.