मदत हवी आहे: जुन्या घराला लागून तळघराची खोदाई, मेथड स्टेटमेंट कसं लिहू?

शहापूरचा_साईटवाला:
बेळगावात शहापूरला जुन्या गल्लीत काम आहे. तळघर 3 मीटर खोल. एका बाजूला शेजाऱ्यांचं दुमजली घर, मातीच्या मसाल्यातली दगडी भिंत, कौलारू छप्पर. ती भिंत 12 मीटर लांब आहे आणि थेट हद्दीवर. कन्सल्टंटनी मेथड स्टेटमेंट मागितलंय. मी लिहिलं: "जेसीबीने खोदाई करणे, बॅरिकेड लावणे, हेल्मेट घालणे." त्यांनी लाल शेरा मारून परत पाठवलं. खाली मुरूम आहे, चांगला घट्ट लागतोय. नेमकं काय लिहायचं असतं?

निपाणीकर:
परवानगी पालिकेकडून घेतलीत ना? आमच्याकडे त्यातच चार महिने गेले.

शहापूरचा_साईटवाला:
परवानगी आहे हो. प्रश्न खोदाईचा आहे.

जांभा_आणि_चिरा:
सोपं आहे, 45 अंशाचा उतार ठेवा, काही होत नाही. मुरूम उभाच राहतो.

पाया_काका:
उताराचं अर्धं बरोबर आहे, पण तो मोजायचा कुठून? शेजाऱ्यांच्या पायाच्या तळापासून. तेव्हा आधी आपल्या बाजूने हद्दीलगत एक छोटा तपासखड्डा हाताने घ्या आणि त्यांचा पाया किती खोल आहे ते बघा.

शहापूरचा_साईटवाला:
काल घेतला काका. पाया जेमतेम 0.9 मीटर. खालची माती थोडी ओलसर लागली.

पाया_काका:
म्हणजे तुमचा तळ त्यांच्या पायाच्या 2.1 मीटर खाली जाणार. 45 अंशाने तेवढीच, 2.1 मीटर रुंद माती उताराने राखावी लागते, वर अर्धा-पाऊण मीटर सपाट पट्टा वेगळा. सगळं खोदकाम असंच उतारावर संपवता येणार नाही, कारण तळघराची भिंत हद्दीवरच हवी. म्हणून क्रम असा लिहा. पहिल्या टप्प्यात जेसीबीने फक्त मधला भाग काढायचा, शेजाऱ्यांकडचा मातीचा बांध तसाच ठेवायचा. दुसऱ्या टप्प्यात तो बांध हाताने, तुकड्यातुकड्याने कापायचा आणि प्रत्येक तुकड्यात काँक्रीटची भिंत उभी करायची.

तुकडा 1 मीटरचा धरा. चुन्याची किंवा सिमेंटची भिंत असती तर थोडा जास्त चालला असता. मातीच्या मसाल्यातली दगडी भिंत मधल्या रिकाम्या जागेवर कमान धरत नाही, खालचा दगड सुटला की वरचे येतातच. 12 तुकडे होतील. पहिल्या फेरीत 1, 4, 7, 10. मग 3, 6, 9, 12. शेवटी 2, 5, 8, 11. शेजारच्या तुकड्याचं काँक्रीट किमान सात दिवसांचं झाल्याशिवाय त्याला लागून हात घालायचा नाही. आणि तळाचा स्लॅब पडेपर्यंत प्रत्येक तुकड्याला आडवा टेकू. हा टेकू लोक विसरतात. भिंत सुटी उभी राहते आणि हळूच पुढे कलते.

तुकड्याच्या खड्ड्याच्या बाजूंनाही फळ्या लागतील. IS 3764 नुसार 1.5 मीटरपेक्षा खोल चराला आधार हवाच. माणूस त्यातच उतरणार आहे ना.

खानापूरची_सून:
आमच्या सासरी शेजाऱ्याने सेप्टिक टँक खोदला, तेव्हा आमच्या मोरीची भिंत उकलली. खोदाईचा दोष नव्हता म्हणे, मोरीचं पाणीच खाली मुरत होतं.

पाया_काका:
वहिनी, हा इथे लागू पडणारा मुद्दा आहे. ओलसर माती म्हणालात ना साईटवाले? शेजाऱ्यांची मोरी, गटार, नळाची गळती आधी शोधा. मुरूम कोरडा असेपर्यंत उभा राहतो, एका वळवाच्या सरीत ढासळतो. धोका म्हणून "माती ढासळणे" एवढंच लिहू नका. कोणत्या टप्प्याला, कशामुळे, आणि कोण काय बघणार, ते प्रत्येक पायरीसमोर लिहा. उदाहरणार्थ, तुकडा कापताना: रोज सकाळी आणि पावसानंतर काठाला समांतर बारीक भेग आहे का ते सुपरवायझरने बघायचं. दिसली तर माणसं बाहेर, खड्डा मुरमाने भरायचा. काढलेली माती काठापासून किमान 1.5 मीटर लांब, जेसीबी बांधावर चढणार नाही.

जांभा_आणि_चिरा:
काच चिकटवायची शेजाऱ्यांच्या भिंतीतल्या भेगेवर. फुटली की कळतं.

पाया_काका:
फुटली एवढंच कळतं, किती वाढली ते नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवून रोज अंतर मोजा. एक मिमी वाढ झाली की काम थांबवायचं, असं मी माझ्या कामांत लिहितो. त्याआधी शेजाऱ्यांसोबत फिरून जुन्या भेगांचे तारखेसह फोटो घ्या, त्यांची सही घ्या. नाहीतर तीस वर्षांपूर्वीची भेग तुमच्याच नावावर येईल.

शहापूरचा_साईटवाला:
सहीच देत नाहीत ते. म्हणतात, "काम थांबवा." शिवाय कामगार अर्धे कन्नड बोलणारे, त्यांना हा क्रम कसा समजवायचा?

पाया_काका:
क्रमाचे आकडे हद्दीच्या भिंतीवरच रंगाने लिहा, आकडा सगळ्यांना कळतो. थांबण्याची सूचना मात्र दोन्ही भाषांत तोंडी, रोज सकाळी. सहीचं काय करायचं ते कन्सल्टंटला विचारा.

निपाणीकर:
पावसाळा पंधरा दिवसांवर आलाय साहेब. बांध कापायला आत्ता सुरुवात करणार का?

शहापूरचा_साईटवाला:
तेच तर. मालक म्हणतो आता, मला वाटतं ऑक्टोबर. सात दिवसांचा हिशेब धरला तर तीन फेऱ्यांना महिना सहज जातो. उद्या मसुदा लिहून इथे टाकतो.