आरती साडेसातची, पण कुणाच्या साडेसातची? (अनुभव धागा)

देवगडकरीण
आज भाचीचा न्यू जर्सीहून मेसेज: "मावशी, यंदा इन्व्हाइट पाठवशील ना? आणि यंदा तरी बरोबर वेळेचं?" गेल्या वर्षीचं सगळं आठवलं.

आमचा दीड दिवसाचा गणपती. 27 ऑगस्ट 2025, संध्याकाळी 7:30 ला आरती, ती व्हिडिओ कॉलवर दाखवायची होती. होमस्टेच्या बुकिंगबरोबर येते तसली कॅलेंडरची एक .ics फाईल माझ्याकडे पडून होती. नोटपॅडमध्ये उघडून तारीख-वेळ बदलली आणि फॅमिली ग्रुपवर टाकली. स्वतःवर भारी खूश.

आम्ही आरती केली, परदेशातलं कुणीच नाही. रात्री नऊला दुबईचा दीर हजर, तेव्हा आम्ही मोदक संपवून ताटं घासत होतो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भाचीचा फोन. ती साडी नेसून लॅपटॉपसमोर एकटीच बसलेली. सासूबाई दचकून उठल्या, त्यांना वाटलं कुणी गेलं. प्रत्येकाच्या फोनवर 7:30 च दिसत होतं, त्याच्या त्याच्या गावचं. तुमच्याकडे असं काही झालंय का? लिहा.

बांगडाफ्राय
ताटं घासत होतो 😂 दिरासाठी एक पण मोदक ठेवला नाय?

देवगडकरीण
ठेवले होते दोन. मुलांनी खाल्ले.

चाकरमानी_डोंबिवली
यंदाच्या गणपती स्पेशलचं आरक्षण कधी उघडतंय कुणाला माहीत आहे का? वेळ पावसाळी वेळापत्रकाची धरायची की नेहमीची?

खाडीकाठ
डोंबिवलीकर, धागा वेगळा आहे हो. 😀
ताई, ती फाईल अजून असेल तर DTSTART ची, म्हणजे सुरुवातीच्या वेळेची, ओळ इथे टाका.

देवगडकरीण
```
DTSTART:20250827T193000
```

खाडीकाठ
वाटलंच. या ओळीत वेळ आहे पण गाव नाही. अशी वेळ भिंतीवरच्या घड्याळासारखी असते: फाईल ज्या फोनवर उघडेल तिथलेच साडेसात. दुबईचे साडेसात म्हणजे आपले रात्रीचे 9, न्यू जर्सीचे साडेसात म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची पहाट, 5. तुमच्या घरी घडलं ते तंतोतंत हेच.

रत्नांग्रीचो_बाबू
सोप्पा आसा. शेवटाक Z लाव. झाला काम. मी ऑफिसात असाच करतंय.

सुरंगी
आमच्याकडे तर पंचांगाचाच घोळ. अमेरिकेत जाऊबाई म्हणतात आमची चतुर्थी आदल्या दिवशी, मी म्हणते आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बघ. तुमच्याकडे कुणाचं धरतात?

देवगडकरीण
बाबू, Z लावून स्वतःलाच पाठवून बघितलं. आता माझ्याच फोनवर आरती 28 तारखेला रात्री 1 वाजता! 🙏

खाडीकाठ
बाबूचं अर्धं बरोबर. Z म्हणजे "ही वेळ यूटीसीतली", ग्रिनिचच्या आसपासची म्हणा. त्यामुळे Z लावायच्या आधी आपले साडेपाच तास वजा करायचे. 19:30 चे 14:00 होतात. बाबूच्या ऑफिसात ती वजाबाकी बहुतेक सॉफ्टवेअरच करत असेल, म्हणून त्याला जाणवली नसेल. वजाबाकी नको असेल तर गावाचं नाव द्या. दोन्हीपैकी एकच ओळ ठेवा:
```
DTSTART:20250827T140000Z
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250827T193000
```
DTEND, म्हणजे संपायची वेळ, तीही त्याच पद्धतीने बदला, ते हमखास राहून जातं. दुसऱ्या प्रकारात काही प्रोग्रॅम टाइम झोनचे नियम सांगणारा VTIMEZONE चा वेगळा ब्लॉक मागतात, नुसत्या नावावर भागवत नाहीत. म्हणून एकदाच होणाऱ्या आरतीला मी Z वालीच ओळ वापरेन. आणि नावाच्या जागी IST लिहू नका. आयर्लंड आणि इस्राएलवालेही स्वतःच्या वेळेला IST च म्हणतात.

पाठवायच्या आधी तपासायचं असेल तर फोनचा टाइम झोन न्यूयॉर्क करा आणि मग फाईल उघडा. ऑगस्टमध्ये सकाळचे 10 दिसले पाहिजेत. 7:30 च दिसले तर गाव अजून लागलेलं नाही.

रत्नांग्रीचो_बाबू
बरा बाबा. शिकलंय. 🙏

तांबडीमाती
आमची केस वेगळी. मुलाने दुबईहून जुना लॅपटॉप पाठवला. यांनी उघडला तर घड्याळ दीड तास मागे. यांनी काय केलं, काटेच पुढे केले! टाइम झोन दुबईचाच. आंब्याच्या गिऱ्हाइकांबरोबर मीटिंग ठेवली संध्याकाळी 5 ची, लोकांना गेली साडेसहाची. हे पाचला कॅमेऱ्यासमोर शर्ट घालून, खाली लुंगी. दीड तास.

बांगडाफ्राय
लुंगीचो फोटो व्हयो.

खाडीकाठ
हे फार जणांचं होतं. घड्याळ बरोबर दिसतं म्हणून संशय येत नाही. काटे आहेत तिथे सोडायचे, सेटिंगमध्ये झोन बदलायचा, काटे आपोआप जागेवर येतात.

सुरंगी
माझ्या प्रश्नाचं कुणीतरी सांगा ना.

हार्मोनियमवाली_मालगुंड
सुरंगीताई, गणेश चतुर्थी तिथल्या मध्यान्हावर धरतात, त्यामुळे तुम्ही दोघीही बरोबर असू शकता. कॅलेंडरमध्ये "दिवसभर" असं टाका, म्हणजे वेळेची भानगड नाही. फक्त तारीख तिची तिला टाकू दे.

माझं दुखणं निराळं. न्यू जर्सीची सहा मुलं शनिवारी शिकतात, माझे 7:30, त्यांचे सकाळचे 10. झोन बरोबर लावलेला. तरी 2 नोव्हेंबरला त्यांची घड्याळं मागे गेली आणि पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे 9 दाखवायला लागलं. पालक म्हणाले, बाई तुमचं इन्व्हाइट चुकलं. चुकलं कुठे? माझे 7:30 हललेच नाहीत! शेवटी इव्हेंट उघडून Time zone मध्ये न्यूयॉर्क निवडलं. आता त्यांचे 10 पक्के, आणि मला हिवाळ्यात रात्री साडेआठ. त्या वेळेला माझ्या तव्यावर भाकरी असते. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने… सोडा.

खाडीकाठ
बाई, यात चूक कुणाचीच नाही. कुणाचे दहा अढळ ठेवायचे हे माणसांनी ठरवायचं, कॅलेंडर फक्त पाळतं. पण दर आठवड्याच्या इव्हेंटला तिथल्या शहराचं नावच हवं. Z लावलं असतं तर ते घड्याळबदलाबरोबर हललंच नसतं.

देवगडकरीण
खाडीकाठ, अजून एक. गेल्या वर्षी नंतर मी दुरुस्त फाईल पण टाकली होती. भाचीकडे दोन-दोन आरत्या दिसायला लागल्या.

खाडीकाठ
इव्हेंटची ओळख सांगणारा UID बदलला असेल. तो तोच ठेवायचा, आवृत्तीचा आकडा SEQUENCE एकने वाढवायचा, तर "जुनंच आहे, बदललंय" असं कळतं. तेही मेलने गेलेल्या इन्व्हाइटला जास्त खात्रीने. व्हॉट्सॲपवरून उघडलेली फाईल म्हणजे तिच्याकडे गेलेली प्रत, त्यावर तुमचा हात नाही. यंदा गूगल कॅलेंडरमध्येच इव्हेंट करा, झोन कोलकाता ठेवा, पाहुण्यांचे ईमेल घाला. नंतर वेळ बदलली तरी सगळ्यांकडे आपोआप बदलते.

देवगडकरीण
UID तोच होता हो, आत्ता दोन्ही फाईल बघितल्या. तरी दोन.

खाडीकाठ
मग तिचं ॲप कोणतं ते विचारा. आयफोन का?

देवगडकरीण
तिकडे आत्ता रात्र आहे, उद्या विचारते. दिराचा ईमेल कुणालाच माहीत नाही, तो फक्त व्हॉट्सॲपवर. त्याला फोनच करेन.

बांगडाफ्राय
आणि मोदक लपवून ठेव.

चाकरमानी_डोंबिवली
कुणीच सांगितलं नाही आरक्षणाचं.