मदत हवी आहे: गर्भाशयमुख दोन दिवसांत ३४ वरून २२ मिमी, टाका घालावा का?

धायरीकर: पत्नीचा ऍनॉमली स्कॅन सोमवारी सिंहगड रस्त्यावरील एका केंद्रात झाला. अहवालात गर्भाशयमुखाची लांबी ३.४ सेंमी लिहिली होती. डॉक्टरांनी कोथरूडला पुन्हा मोजून आणायला सांगितले, तेथे बुधवारी ती २२ मिमी भरली. दोन दिवसांत १२ मिमी कमी होत असेल तर पुढच्या आठवड्यात काय उरेल? पहिले बाळंतपणही वेळेआधीच झाले होते. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचे आहे. टाक्याचा आग्रह धरावा का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

मृण्मयी_औंध: मला विसाव्या आठवड्यात टाका घातला होता आणि मुलगी ३८व्या आठवड्यात सुखरूप झाली. वेळ न दवडता टाका घालून घ्या आणि वहिनींना पूर्ण झोपवून ठेवा. पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्याने मला फार फरक पडला.

सोनोग्राफीवाल्या काकू: टाक्याकडे वळण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. कितवा आठवडा चालू आहे, गर्भ एकच आहे ना, दोन्ही तपासण्या पोटावरून झाल्या की एखादी आतून झाली, आणि पहिले बाळंतपण वेळेआधी नेमके कशामुळे झाले?

धायरीकर: विसावा आठवडा, एकच बाळ. सोमवारी पोटावरून तपासले. त्याआधी तिला भरपूर पाणी प्यायला लावले होते. बुधवारी लघवीला जाऊन यायला सांगितले आणि आतून तपासले. पण पहिल्या बाळंतपणाचा इथे काय संबंध?

सोनोग्राफीवाल्या काकू: मी या कामातून निवृत्त झाले आहे, पण हा घोळ वर्षानुवर्षे पाहिला आहे. मूत्राशय तुडुंब भरलेले असले की ते गर्भाशयाच्या खालच्या भागाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींवर दाबते आणि मिटलेला तो भागही मुखाच्या लांबीत मोजला जातो. आतून तपासताना मूत्राशय रिकामे असते. प्रोब हलका टेकवून आतले तोंड, बाहेरचे तोंड आणि मधली नळी एकाच चित्रात आणतात, कारण प्रोब जोरात दाबला तरी लांबी खोटी वाढते. काही मिनिटे थांबून तीनदा मोजतात आणि नीट आलेल्या मापांपैकी सर्वांत लहान लिहितात. त्यामुळे १२ मिमी दोन दिवसांत गळून गेले असे या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही. सोमवारचे माप बाजूला ठेवा आणि २२ हेच खरे धरा. मात्र ते कमीच आहे: २४ आठवड्यांच्या आत २५ किंवा त्याहून कमी भरले की लवकर प्रसूतीचा धोका वाढतो. तरीही एवढ्या लांबीच्या बहुतेक स्त्रिया त्या टप्प्याच्या पुष्कळ पुढे जातात.

अभय_हडपसर: काकू, पहिले बाळंतपण लवकर आणि आता २५च्या खाली, म्हणजे टाका हाच नियम आहे. उगाच वेळ का घालवायचा?

सोनोग्राफीवाल्या काकू: आधीची प्रसूती आपोआप लवकर झाली असेल तर आपले म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच मी कारण विचारले होते.

धायरीकर: ३३व्या आठवड्यात रक्तदाब फार वाढला, म्हणून डॉक्टरांनीच सिझेरियन केले. कळा आल्या नव्हत्या, पाणीही गेले नव्हते.

सोनोग्राफीवाल्या काकू: मग ते टाक्याच्या हिशेबात धरत नाहीत; तेव्हा मुख उघडले म्हणून बाळ लवकर आले नव्हते. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे रोज रात्री योनिमार्गात ठेवायची प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची गोळी, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्रोजेस्टेरॉनची जेल वापरली होती. ३३ आठवड्यांआधी होणाऱ्या प्रसूती तिने शंभरांत १६ वरून ९ वर आल्या. मात्र पूर्वीच्या रक्तदाबाविषयी डॉक्टरांना आवर्जून सांगा, तो प्रश्न वेगळा आहे.

अभय_हडपसर: त्या चाचणीत १० ते २० मिमीच्या स्त्रिया होत्या. वहिनींचे २२ आहे.

सोनोग्राफीवाल्या काकू: आक्षेप योग्य आहे. पण २०१८ साली अनेक चाचण्यांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा २५पर्यंतच्या स्त्रियांनाही उपयोग दिसला. आणि मृण्मयीताई, झोपवून ठेवल्याने प्रसूती लांबते असे सिद्ध झालेले नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

मृण्मयी_औंध: माझे बाळ पूर्ण दिवसांचे झाले, हे तर खरे आहे ना?

स्नेहल_बाणेर: मला जुळे आहेत आणि लांबी २४ आली आहे. मीही गोळी सुरू करू का?

सोनोग्राफीवाल्या काकू: स्नेहल, जुळ्यांचे गणित वेगळे असते आणि टाक्याने तेथे अपायही होऊ शकतो. स्वतंत्र धागा काढा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका.

धायरीकर: आज डॉक्टरांनी रात्रीची गोळी सुरू केली. पुढच्या बुधवारी त्याच केंद्रात आतून पुन्हा मोजायचे आहे. लांबी १०च्या खाली गेली तर टाक्याचा विचार करू, असे त्या म्हणाल्या.

अभय_हडपसर: १०पर्यंत वाट पाहणे मला तरी पटत नाही.

सोनोग्राफीवाल्या काकू: पूर्वी आपोआप लवकर प्रसूती झालेली नसताना त्याआधी टाक्याचा फायदा स्पष्ट दिसलेला नाही, आणि १०च्या खालीही सगळ्या डॉक्टरांचे एकमत नाही. धायरीकर, पाणी जाणे, रक्तस्राव किंवा ठरावीक अंतराने पोट कडक होणे यांपैकी काहीही जाणवले तर बुधवारपर्यंत थांबू नका.