न्यूटनची जन्मतारीख नको, वय विचारा

"जन्मतारीख विचारली की वादच नको, ती काय बदलणाराय?"

अहो सर, तिथंच आमचं भांडण झालंय. खानापूरकडच्या एका गावात गणेशोत्सवातल्या क्विझला मी प्रश्न काढलेले, न्यूटनचा जन्म कधी. मराठी मीडियमची पोरं म्हणाली 25 डिसेंबर 1642, कन्नड मीडियमची म्हणाली 4 जानेवारी 1643, दोघांनी पुस्तकं आणून टेबलावर आपटली आणि दोन्ही बरोबर! तेव्हा इंग्लंडात जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं, ते आपल्या आजच्या नव्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागं. मृत्यूचं तर आणखी अवघड, तिथं तेव्हा नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळं 20 मार्चला गेलेल्या माणसाचं साल कुठं 1726, कुठं 1727, आणि नव्या कॅलेंडरनं 31 मार्च 1727, कारण तोवर फरक अकरा दिवसांचा झालेला.

आणि ते 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' तर विचारूच नका. गॅलिलिओ गेला 8 जानेवारी 1642ला, पण ती इटलीतली नवी तारीख, तिच्याबरोबर न्यूटनची जुनी तारीख लावली तरच साल जुळतं. दोघांना एकच कॅलेंडर लावा, कुठलंही, वर्षभराचा फरक पडतोच.

मी आता वय विचारतो. दोन्ही कॅलेंडरनं 84च येतं, फक्त जुनी जन्मतारीख आणि 1726 असं धरलं की 83 होतं, म्हणून उत्तराच्या कार्डावर मागं तारखा लिहून ठेवायच्या. नाहीतर सरळ वूल्सथॉर्प गाव, ट्रिनिटी कॉलेज, 'प्रिन्सिपिया' 1687, 1703ला रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. यावर अजून कुणी पुस्तक आपटलेलं नाही.