मदत हवी आहे: बेंझीनमध्ये सिग्मा बंध ११ की १२?

मानसी_अमळनेर
अकरावी सायन्सला आहे. क्लासमध्ये सिग्मा बंध मोजायची ट्रिक सांगितली: रेणूत जितके अणू, त्यातून एक वजा करायचा. इथीनमध्ये अणू ६, म्हणून सिग्मा ५, आणि दुहेरी बंधातला एक पाय. इथाइनमध्ये अणू ४, सिग्मा ३, आणि तिहेरी बंधातले दोन पाय. चित्र काढून मोजलं तरी हेच येतं. बेंझीनमध्ये अणू १२, म्हणजे ट्रिकने ११ यायला हवेत. पण उत्तरसूचीत १२ सिग्मा, ३ पाय दिलेत. ट्रिक नेमकी कुठे अडते?

राहुल_धुळे
ट्रिक बरोबरच आहे. बेंझीनमध्ये रेझोनन्स असतो, बंध धड एकेरी नाहीत की दुहेरी नाहीत, म्हणून तो अपवाद. १२ आणि ३ पाठ करून टाक.

जुना_रसायनवाला
राहुल, रेझोनन्स आहे हे खरं, पण तो पाय इलेक्ट्रॉनांचा मामला. सिग्माच्या मोजणीला त्याने धक्का लागत नाही. सायक्लोहेक्झेन घे, C6H12. त्यात पाय नाही, रेझोनन्स नाही. अणू १८, आणि सिग्मा? ६ कार्बन-कार्बन, १२ कार्बन-हायड्रोजन, एकूण १८. तिथेही ट्रिक एकाने कमी पडते.

मानसी, कारण साधं आहे. सहा मणी एका ओळीत जोडायचे तर मधे पाच दुवे लागतात. टोकं जोडून माळ बंद केली की सहावा लागतो. वजा एक येतो तो उघड्या साखळीमुळे, फांद्या असल्या तरी चालेल. प्रत्येक वलयामागे एक सिग्मा वाढव. बेंझीन: १२ − १ + १ = १२.

मानसी_अमळनेर
सर, मग नुसतं C6H6 दिलं आणि वलय आहे की नाही ते सांगितलंच नाही तर?

जुना_रसायनवाला
तर उत्तर देता येत नाही, आणि इथेच मुलं फसतात. हा रेणू बघ:

HC≡C–CH2–CH2–C≡CH

हाही C6H6 आहे. वलय नाही, म्हणून सिग्मा ११: कार्बन-कार्बन ५, कार्बन-हायड्रोजन ६. पाय ४, प्रत्येक तिहेरी बंधात दोन. तुझं ११ या रेणूला अगदी बरोबर आहे.

आता दोन्हींची बेरीज कर. बेंझीन १२ + ३, हा ११ + ४. दोन्हीकडे १५. बाह्य कवचातले इलेक्ट्रॉन मोज: सहा कार्बनचे २४, सहा हायड्रोजनचे ६, मिळून ३०, म्हणजे १५ जोड्या. एकही जोडी मोकळी नाही, म्हणून बंधही १५. वलय झालं की एक पाय जातो, एक सिग्मा येतो. बेरीज तीच राहते. परीक्षेत चित्र न काढता ताळा करायचा तर असा कर. इथीनला १२ इलेक्ट्रॉन, बंध ६. इथाइनला १०, बंध ५. ऑक्सिजन, नायट्रोजन असले की मात्र त्यांच्या मोकळ्या जोड्या आधी वगळायच्या.

केळीवाला_चोपडा
मना भाचा बी अकरावीले शे, म्हणून वाचतोय. आमच्याकडे पूर्वी काही जण केळी कार्बाइडने पिकवायचे, आता रायपनिंग चेंबरात इथिलीन सोडतात. ते इथिलीन म्हणजे हेच इथीन का? आणि कार्बाइडमध्ये बंध किती?

जुना_रसायनवाला
हो दादा, इथिलीन म्हणजेच इथीन. कार्बाइडवर पाणी किंवा ओल पडली की इथाइन निघतं, म्हणजे ॲसिटिलीन. त्याने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक-फॉस्फरसची घाण असते.

भाच्याला सांगा, CaC2 ला अणू वजा एक लावून २ काढू नकोस. कॅल्शियम तिथे आयन म्हणून वेगळा आहे. दोन कार्बनांमध्ये तिहेरी बंध: एक सिग्मा, दोन पाय.

राहुल_धुळे
वलयाचं पटलं. पण मग C2 रेणूचं काय? आमच्या पुस्तकात दोन्ही बंध पाय दिलेत. ट्रिकने एक सिग्मा यायला हवा ना?

जुना_रसायनवाला
ट्रिक धरून चालते की जोडलेल्या प्रत्येक दोन अणूंत एक सिग्मा असतोच. C2 मध्ये रेण्वीय कक्षकांच्या हिशेबाने सिग्माची जोडी आणि तिची विरोधी जोडी एकमेकींना रद्द करतात आणि चार इलेक्ट्रॉन पायमध्ये उरतात. परीक्षेत दोन पाय लिही. पण २०१२ मध्ये काही संशोधकांनी तिथे चार बंध असल्याचं मांडलं आणि तो वाद पुरता मिटलेला नाही.

राहुल_धुळे
चार? आठच्या आठ इलेक्ट्रॉन बंधात? मग चौथा सिग्मा म्हणायचा की पाय?

मानसी_अमळनेर
नॅप्थलीन करून पाहिलं, C10H8. अणू १८, वलयं दोन, सिग्मा १९. इलेक्ट्रॉन ४८, बंध २४, म्हणून पाय ५. चित्रातही पाचच दुहेरी बंध आहेत.